कायदा आणि नीति

कायदा कोणता, आणि तो चांगला कीं वाईट, हे दोन प्रश्न वरवर पाहतां एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. ‘हें कायद्याप्रमाणें आहे’ असें जेव्हां सामान्य मनुष्य म्हणतो, तेव्हां ‘म्हणून तें योग्य आहे’ हा अर्थ तो त्यांत नकळत मिसळून टाकतो. आणि एखादी गोष्ट अन्यायाची दिसली म्हणजे ‘हा कसला कायदा!’ असें म्हणून मोकळा होतो. पहिल्या वेळीं तो कायद्याला नीतीचा मान देतो, दुसऱ्या वेळीं नीतीला कायद्याचें बळ देऊं पाहतो. या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून निराळ्या ठेवल्या पाहिजेत, असें इंग्लंडांतील जेरेमी बेंथम यानें आग्रहानें प्रतिपादिलें आणि त्याचा अनुयायी जॉन ऑस्टिन यानें १८३२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत तें सूत्ररूपानें मांडलें. कायदा अस्तित्वांत आहे कीं नाहीं ही एक चौकशी, व तो असावा तसा आहे कीं नाहीं ही दुसरी, असा त्याच्या म्हणण्याचा आशय.

हें ऐकून पुष्कळांना वाटतें कीं, हा केवळ पंडितांचा शब्दच्छल आहे. अथवा त्याहून वाईट म्हणजे, सत्ताधाऱ्यांच्या प्रत्येक हुकमापुढें मान तुकविण्याची ही युक्ति आहे. तें खरें कीं खोटें हें ठरविण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एक निश्चित कायदा, एक निश्चित न्यायाधीश व एक निश्चित खटला डोळ्यांपुढें ठेवणें. तसें उदाहरण अमेरिकेच्या इतिहासांत आहे.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत गेल्या शतकापूर्वींच्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिणेकडे गुलामगिरी चालू होती आणि उत्तरेकडील संस्थानांनीं ती आपापल्या हद्दींत बंद केली होती. अर्थात् दक्षिणेंतून पळालेला गुलाम उत्तरेंत आला म्हणजे त्याचें काय करावयाचें, हा प्रश्न प्रारंभापासूनच उभा राहिला. राज्यघटनेंत यासंबंधीं एक कलम घातलेलें होतें. पळून आलेल्या मनुष्यावर ज्याचा हक्क असेल त्याच्या मागणीवरून त्यास परत दिलें पाहिजे, असें त्याचें तात्पर्य होतें. ‘गुलाम’ हा शब्द मात्र त्यांत नव्हता. या कलमाच्या अंमलबजावणीसाठीं १७९३ सालीं एक कायदा झाला. आणि तो पुरेसा कडक नाहीं अशी दक्षिणेची तक्रार वाढत गेल्यावर १८५० सालच्या सप्टेंबर महिन्यांत दुसरा, अधिक कठोर कायदा झाला.

या दुसऱ्या कायद्यांतील योजना नीट समजून घेणें अवश्य आहे, कारण अन्याय हा ‘अन्याय’ या मोठ्या शब्दांत राहत नसून लहानलहान तरतुदींत राहत असतो. पकडलेल्या मनुष्याची चौकशी न्यायाधीशापुढें व पंचांपुढें न होतां, कमिशनर नांवाच्या अधिकाऱ्यापुढें सरसकट रीतीनें व्हावयाची. ज्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न त्याची स्वतःची साक्ष पुराव्यांत घ्यावयाची नाहीं. मालकाच्या प्रांतांतील न्यायालयाचा दाखला आणला म्हणजे हा मनुष्य गुलाम होता व पळाला, या गोष्टी सिद्ध झाल्या असें समजावयाचें. पकडलेला मनुष्य तोच कीं नाहीं, एवढीच चौकशी शिल्लक राहावयाची. पळालेल्यास आश्रय देणारास वा सोडविणारास एक हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडण्याच्या कामीं सरकारी अंमलदारानें हांक मारली तर रस्त्यावरील नागरिकानेंही मदत केली पाहिजे. आणि सर्वांत विलक्षण तरतूद कमिशनरच्या मेहनतान्याची: मनुष्यास मालकाच्या स्वाधीन केलें तर दहा डॉलर, मोकळें सोडलें तर पांच डॉलर. पाठवणीच्या कामीं कागदपत्र अधिक करावे लागतात, असें याचें समर्थन करण्यांत येई.

आतां न्यायाधीश. मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ हा होता. १८३० पासून १८६० पर्यंत, म्हणजे तीस वर्षें, तो त्या पदावर होता. त्याचा व्यासंग दांडगा आणि सचोटी निष्कलंक. गुलामगिरीविषयीं त्याचें मत लपलेलें नव्हतें. न्यायाधीश होण्यापूर्वीं, १८२० सालीं, त्यानें एका नियतकालिकांत लेख लिहून तिची निंदा केली होती. एवढी माहिती सांगून या न्यायाधीशापुढें दोन गुलाम उभे केले तर तो काय करील असें कोणास विचारलें, तर उत्तर येईल कीं, दोघांनाही सोडील. प्रत्यक्षांत त्यानें एकीला सोडलें व एकाला सोडलें नाहीं.

जिला सोडलें ती मेड नांवाची सुमारें सहा वर्षांची मुलगी. १८३६ सालीं न्यू ऑर्लीन्स येथील एक बाई बोस्टन येथें आपल्या वडिलांच्या घरीं आली असतां तिनें या मुलीला बरोबर आणिलें होतें. गुलामगिरीविरोधी स्त्रियांच्या एका मंडळीला हें कळतांच त्यांनीं खटपट करून मुलीला न्यायालयापुढें हजर करविलें. शॉनें निकाल दिला तो असा. गुलामगिरी ही नैसर्गिक हक्कांच्या विरुद्ध आहे. ती कोठें टिकते ती केवळ त्या त्या ठिकाणच्या घालून दिलेल्या कायद्याच्या आधारानें टिकते. मॅसॅच्युसेट्समध्यें तसा कायदा नाहीं. सबब मालकानें आपखुशीनें या संस्थानांत आणलेल्या मनुष्यास अडकवून ठेवण्याचा किंवा परत नेण्याचा अधिकार कोणास नाहीं. मुलगी मोकळी झाली आणि उत्तरेंत आनंदीआनंद झाला. परंतु त्याच निकालपत्रांत शॉनें एक मर्यादा स्पष्टपणें घालून ठेविली होती. हा निर्णय पळून आलेल्या गुलामांना लागू नाहीं. कारण त्यांच्यासंबंधीं राज्यघटनेचें स्वतंत्र कलम आहे. आनंदाच्या भरांत तें वाक्य फार थोड्यांनीं लक्षपूर्वक वाचलें असावें.

ज्याला सोडलें नाहीं तो टॉमस सिम्स. हा जॉर्जिया प्रांतांतील सॅव्हाना शहरचा तरुण, विटांचें बांधकाम करणारा गवंडी. १८५१ च्या प्रारंभीं तो एका जहाजांत लपून बोस्टनला आला. त्याच्या मालकानें माणसें पाठविलीं आणि एप्रिलच्या तिसऱ्या तारखेच्या रात्रीं त्याला रस्त्यांत पकडण्यांत आलें. यापूर्वीं फेब्रुवारींत शॅड्रॅक मिंकिन्स नांवाच्या दुसऱ्या एका पळालेल्या इसमास लोकांनीं भर न्यायमंदिरांतून सोडवून नेलें होतें. म्हणून या खेपेस अधिकाऱ्यांनीं न्यायमंदिराच्या इमारतीभोंवतीं लोखंडी साखळ्या बांधल्या. न्यायाधीशांनाही आंत जातांना वांकून त्या साखळ्यांखालून जावें लागे, आणि वृद्ध शॉही तसाच वांकून गेला. गुलामगिरीच्या साखळीखालून न्याय वांकून गेला, हें दृश्य बोस्टनचे लोक पुष्कळ वर्षें विसरले नाहींत.

सिम्सच्या वतीनें नामांकित वकील उभे राहिले. त्यांचा मुद्दा केवळ दयेचा नव्हता. मनुष्याचें स्वातंत्र्य हिरावून घेणारा निर्णय देणें हें न्यायाधीशाचें काम आहे, तें फीवर काम करणाऱ्या कमिशनरकडे देतां येत नाहीं. आणि पंचांपुढें चौकशी नाकारणारा कायदा राज्यघटनेशीं विसंगत आहे. म्हणून शॉच्या न्यायालयानें हेबियस कॉर्पसचा हुकूम काढून सिम्सला आपल्यापुढें आणावें, अशी त्यांची मागणी होती. शॉनें ती अमान्य केली. राज्यघटनेंत हें कलम घातलें नसतें तर संस्थानांचा संघच झाला नसता; १७९३ चा कायदा अर्धशतकाहून अधिक काळ वैध मानला गेला आहे; संघाच्या सर्वोच्च न्यायालयानें १८४२ सालीं या विषयावरील संघाचा अधिकार मान्य केला आहे; आणि तो निर्णय संस्थानच्या न्यायालयावर बंधनकारक आहे, अशी त्याची विचारसरणी होती. नंतर कमिशनरनें पाठवणीचा निर्णय दिला. १२ एप्रिलच्या पहांटे, उजाडण्यापूर्वीं, शेंकडों सशस्त्र माणसांच्या पहाऱ्यांत सिम्सला चालवीत धक्क्यावर नेलें आणि ‘एकॉर्न’ नांवाच्या जहाजावर चढविलें. सॅव्हानास पोंचल्यावर त्याला चारचौघांदेखत एकोणचाळीस फटके मारण्यांत आले.

न्यायाधीश तोच, त्याचें मनही तेंच, गुलामगिरीविषयींचें मतही तेंच. आणि निकाल मात्र दोन. हा फरक नीतीनें पडलेला नाहीं. तो कायद्यानें पडलेला आहे. मेडच्या वेळीं कायद्यांत जागा मोकळी होती आणि तेथें नीतीला शिरतां आलें. सिम्सच्या वेळीं ती जागा शब्दांनीं भरलेली होती. कायदा आणि नीति या दोन वस्तु वेगळ्या आहेत, हें याहून उघड कसें दाखवावें?

परंतु येथेंच पहिला घोटाळा होतो. बोस्टनमधील पुष्कळ प्रतिष्ठित व्यापाऱ्यांचें व पुढाऱ्यांचें म्हणणें असें होतें कीं, हा देशाचा कायदा आहे, न्यायालयानें तो वैध ठरविला आहे, म्हणून तो पाळणें हा चांगल्या नागरिकाचा धर्म आहे. या वाक्यांतील पहिलीं दोन विधानें खरीं आहेत. तिसरें त्यांतून निघत नाहीं. ‘आहे’ या शब्दांतून ‘असावें’ हा शब्द काढतां येत नाहीं. न्यायालयानें कायदा वैध ठरविला याचा अर्थ एवढाच कीं, तो योग्य अधिकाऱ्यांनीं योग्य रीतीनें केलेला आहे. तो पाळावा कीं मोडावा, त्यासाठीं बंदिवास पत्करावा कीं काय, हें न्यायालय ठरवीत नाहीं आणि ठरवूंही शकत नाहीं. शॉचा निकाल वाचून जो म्हणाला, ‘आतां माझ्या सदसद्विवेकाचें काम संपलें,’ त्यानें आपल्या डोक्यावरचा भार न्यायाधीशाच्या डोक्यावर टाकला, इतकेंच.

दुसरा घोटाळा चांगल्या माणसांचा आहे, म्हणून तो अधिक मोहक आहे. गुलामगिरीविरोधी पक्षांत असे विद्वान होते कीं, ते म्हणत, निसर्गसिद्ध न्यायाच्या विरुद्ध असलेला कायदा मुळीं कायदाच नव्हे. राज्यघटनेंत गुलाम हा शब्द नाहीं, तेव्हां घटना गुलामगिरी मानीतच नाहीं. लायसँडर स्पूनर यानें १८४५ सालीं या मताचा मोठा ग्रंथ लिहिला. या मतानें मनाला धीर येतो, पण त्याचा परिणाम पाहावा. साखळदंडांत उभ्या असलेल्या सिम्सला ‘तुला परत नेणारा हा कायदाच नव्हे’ असें सांगितल्यानें साखळदंड तुटत नाहींत. उलट, दोष कोठें आहे हेंच झांकलें जातें. घटना निर्मळ आहे, फक्त न्यायाधीश चुकत आहेत, असें एकदां मानलें म्हणजे सर्व धडपड चांगला न्यायाधीश शोधण्यांत खर्च होते. आणि घटनाच बदलली पाहिजे ही कठीण गोष्ट मागें पडते.

याच पक्षांतील वेंडेल फिलिप्स हा बोस्टनचा वक्ता निराळ्या मार्गानें गेला. तो स्वतः कायदा शिकलेला होता. त्यानें शांतपणें मान्य केलें कीं, घटनेंत गुलामगिरीला आधार आहे, शॉसारखे न्यायाधीश तिचा अर्थ बरोबर लावीत आहेत. आणि म्हणूनच, त्यानें पुढें म्हटलें, त्या घटनेशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन कोणत्याही प्रामाणिक मनुष्यानें अधिकारपद स्वीकारूं नये. येथें कायदा आणि नीति यांची फारकत करणारा मनुष्य सत्तेचा बंदा नसून तिचा सर्वांत कडवा विरोधक आहे. कायद्याला कायदा म्हटल्यामुळेंच त्याला त्याच्याशीं सरळ झगडतां आलें. ऑस्टिनचें सूत्र मान तुकविण्याची युक्ति आहे, या आक्षेपाचें उत्तर फिलिप्सच्या वर्तनांत आहे.

मग शॉनें काय करावयास हवें होतें? अन्याय्य कायदा पुढें आला असतां न्यायाधीशाला चारच वाटा असतात. कायद्याच्या शब्दांत संशय असेल तेथें न्यायाच्या बाजूनें अर्थ लावणें, ही पहिली. मेडच्या बाबतींत शॉनें ती धरली. संशय नसेल तेथें कायदा अंमलांत आणणें, ही दुसरी. राजीनामा देणें, ही तिसरी. आणि कायदा म्हणतो एक, पण तो दुसरेंच म्हणतो असें खोटें सांगून इष्ट निकाल देणें, ही चौथी. चौथी वाट एखाद्या वेळीं एक जीव वांचवील. पण जो न्यायाधीश आज दयेसाठीं कायद्याविषयीं खोटें बोलतो, त्याच्या शेजारच्या आसनावरील न्यायाधीश उद्यां क्रौर्यासाठीं तसेंच बोलूं शकेल.

तरीही शॉ सर्वस्वीं निर्दोष ठरत नाहीं. दुसरी वाट धरण्यापूर्वीं पहिली संपली होती कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच. कमिशनरच्या अधिकारासंबंधींचा वकिलांचा मुद्दा हा निव्वळ भावनेचा नव्हता, तो कायद्याचाच मुद्दा होता. विस्कॉन्सिन संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानें तशाच मुद्द्यांवर १८५० चा हा कायदा घटनाबाह्य ठरविण्याचें धैर्य दाखविलें. तो निर्णय संघाच्या सर्वोच्च न्यायालयानें १८५९ सालीं फिरविला, ही गोष्ट वेगळी. तेव्हां ‘माझा नाइलाज आहे’ असें न्यायाधीश म्हणतो त्या वेळीं नाइलाज कायद्यानें आणला कीं त्याच्या सावधपणानें, हें पाहण्याची खूण एकच: मोकळी जागा खरोखर नव्हती काय? आणि ती खरोखर नसली, तरी तिसरी वाट उघडी होतीच. शपथ न्यायाधीशाला बांधते. आसनावर बसून राहण्याची सक्ति ती करीत नाहीं. सिम्सला पाठविण्याचें काम कायद्यानें न्यायमंदिरावर सोंपविलें होतें. तें करावें कीं पद सोडावें, या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत नव्हतें. तो प्रश्न शुद्ध नीतीचा होता.

या भेदावर सर्वांत गंभीर आक्षेप विसाव्या शतकांत जर्मनींतून आला. हिटलरच्या राजवटीनंतर, १९४६ सालीं, गुस्टाव्ह राडब्रुख या कायदेपंडितानें लिहिलें कीं, अन्याय असह्य कोटीला गेला म्हणजे त्या कायद्याला कायदा म्हणणेंच सोडलें पाहिजे. ज्यानें ती राजवट पाहिली त्याचे हे शब्द हलके मानतां येत नाहींत. त्यास १९५८ सालीं इंग्लंडच्या एच. एल. ए. हार्ट यानें जें उत्तर दिलें त्याचा सारांश असा कीं, ‘हा कायदा आहे, पण पाळण्यास योग्य नाहीं इतका दुष्ट आहे’ असें म्हणणें अधिक सरळ व अधिक उपयोगाचें आहे. कारण त्यांत दोन्ही सत्यें राहतात. सिम्सच्या खटल्यास हें उत्तर ताडून पाहिलें म्हणजे तें पटतें. त्याला कायद्यानें परत पाठविलें हें सत्य, आणि तें दुष्कृत्य होतें हेंही सत्य. यांपैकीं एकाला पुसलें तर इतिहास अर्धा होतो.

येथें एक मर्यादाही सांगितली पाहिजे. कांहीं देशांत नीतीचीं कांहीं तत्त्वें कायद्यानेंच कायद्यांत आणून बसविलेलीं असतात. भारताच्या १९५० च्या राज्यघटनेचें तेरावें कलम, मूलभूत हक्कांशीं विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता निरर्थक ठरवितें. अशा ठिकाणीं न्यायाधीश कायदा रद्द करतो तो ‘मला अन्यायाचा वाटतो’ म्हणून नव्हे, तर त्याहून श्रेष्ठ असा कायदा तसें सांगतो म्हणून. हा भेदाचा अपवाद नसून भेदाचा उपयोग आहे. न्यायाच्या मनांतील मागणीला शब्दांत उतरवून कायद्याचें बळ दिल्याखेरीज ती न्यायालयांत उभी राहूं शकत नाहीं, हें शॉच्या दोन निकालांनीं शिकविलें तेंच हें.

अखेर सिम्सची सुटका कशानें झाली? न्यायालयाच्या निकालानें नव्हे. १८६३ सालीं, यादवी युद्ध चालू असतां, तो पुन्हा पळाला आणि या वेळीं त्याला परत धाडणारें कोणी उरलें नव्हतें. पुढल्या वर्षीं, १८६४ च्या जून महिन्यांत, काँग्रेसनें तो कायदा रद्द केला आणि १८६५ सालीं घटनेंतच दुरुस्ती करून गुलामगिरी नाहींशी केली. या लढ्याचा प्रतिध्वनि पुण्यापर्यंत आला. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील त्या सज्जनांस अर्पण केलें. सिम्सला पकडून पाठविण्याचें काम ज्या मार्शलच्या हाताखालीं झालें, त्या चार्ल्स डेव्हन्सनें पुढें त्याची सुटका विकत घेण्यासाठीं पैसे देऊं केले होते. आणि तो अमेरिकेचा ॲटर्नी जनरल झाला तेव्हां, १८७७ सालीं, त्यानें सिम्सला आपल्या खात्यांत निरोप्याची नोकरी दिली.

डेव्हन्सनें १८५१ सालीं कायद्याप्रमाणें वागून कांहीं बेकायदा केलें नव्हतें. त्याच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयांत दावा चालला नसता. तरी कांहीं तरी फेडावयाचें राहिलें आहे असें त्याला वाटत राहिलें. तें ऋण कायद्याच्या खतावणींत नव्हतें; म्हणून तें चुकतें करण्यास त्याला कायद्याबाहेर यावें लागलें.